भाड्याचे पोशाख: डिपॉझिट किती घ्यावं, कधी कापावं?

लग्नसराई आणि शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली की नऊवारी, शेरवानी, मावळ्यांचे पोशाख भाड्याने देणाऱ्यांची पत्रं वाढतात. बहुतेकांचा घोळ एकच असतो: डिपॉझिट म्हणजे दंड की हमी? ती हमी आहे. खालची उत्तरं त्याच अर्थाने वाचावीत.

प्रश्न: डिपॉझिट भाड्याच्या दुप्पट घ्यायचं असं आमच्या बाजारात सगळे सांगतात. मी तेच करू का?

नको. भाड्याचा आणि नुकसानीचा संबंध नसतो. समजा तुमच्या शिवलेल्या नऊवारीची किंमत शिलाईसकट ४,५०० रुपये आहे, सोबतच्या दागिन्यांची १,५०० आणि भाडं ७००. आता नेहमी काय घडतं ते तुमच्याच वहीत बघा. डाग काढायला सुमारे ३०० लागतात, रफू किंवा काठ लावून घ्यायला २५०, नथ हरवली तर २००, आणि एक दिवस उशीर झाला तर एका भाड्याचे ७००. बेरीज १,४५०. म्हणजे १,५०० रुपये डिपॉझिट पुरे.

साडी परतच आली नाही तर ६,००० जातात, ते १,५०० मध्ये बसत नाहीत हे खरं. पण तसं क्वचित होतं, आणि त्यासाठी प्रत्येक ग्राहकाकडून ६,००० घेतले तर ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. त्या धोक्यासाठी नाव, पत्ता, चालू असलेला फोन नंबर आणि वस्तूंच्या यादीवर सही लागते. खऱ्या जरीची पैठणी मात्र वेगळी. तिचं डिपॉझिट किमतीच्या जवळपास ठेवा, नाहीतर अनोळखी माणसाला देऊच नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उघडउघड जादा डिपॉझिट आणि नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, या दोन्ही गोष्टी अन्यायकारक करारात मोडतात.

प्रश्न: डिपॉझिटऐवजी मूळ आधार कार्ड ठेवून घेतलं तर चालेल का?

नाही. ग्राहकाचं कार्ड तुमच्या ड्रॉवरमधून गहाळ झालं तर निस्तरणार कोण? पहिले आठ अंक झाकलेल्या आधारची प्रत घ्या, मूळ कार्ड बघून लगेच परत द्या. पासपोर्टला तर हातच लावू नका, ती सरकारची मालमत्ता असते.

प्रश्न: नऊवारीवर हळदीचा डाग पडून आली. ग्राहक म्हणतात, ‘डाग आधीपासूनच होता.’ डिपॉझिट कापता येईल का?

साडी देताना काढलेला फोटो आहे का? नसेल तर कापू नका. भांडण तुम्ही हरणार आहात. आठवड्याला हाच प्रश्न येतो आणि दर वेळी मूळ एकच निघतं: परत घेताना भिंग लावून बघायचं, देताना मात्र घडीच्या घडी पिशवीत घालून द्यायची.

देताना साडी टेबलावर उलगडा. पदराचं टोक, निऱ्यांचा खालचा घेर, काष्ट्याचा मागचा भाग, ब्लाउजची काख आणि हुकांची पट्टी, या पाच जागा ग्राहकासमोर दाखवा. प्रत्येक जागेचा फोटो काढा आणि फोटोत साडीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिसू द्या. पिवळ्या बल्बखाली हळदीचा डाग दिसत नाही, म्हणून उजेड पांढरा हवा. आधीचा डाग असेल तर लपवू नका. ‘घेराला डाव्या बाजूला रुपयाएवढा फिका डाग’ असं यादीत लिहा. हे फोटो त्याच क्षणी ग्राहकाच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळ दोघांच्याही फोनवर राहते. ‘नेसण्याआधी काही दोष दिसला तर फोटो काढून कळवा, नंतरची तक्रार धरली जाणार नाही’ हे वाक्य सोबत जाऊ द्या. याला पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवशी वेळ नसतो ही सबब मला मान्य नाही, कारण वाद गर्दीच्या दिवशीच होतात.

परत घेतानाही ग्राहकासमोर त्याच पाच जागा बघा आणि त्याच क्रमाने. तरी काही डाग तेव्हा दिसत नाहीत. सरबत सांडून सुकलं की कापड स्वच्छ वाटतं, मग इस्त्रीच्या उष्णतेने त्यातली साखर तपकिरी होते आणि दुकानदाराला वाटतं, डाग इस्त्रीवाल्याने पाडला. म्हणून तपासणी इस्त्रीच्या आधी करा, आणि पावतीवर लिहा: ‘लपलेल्या डागांबद्दल २४ तासांत फोटोसह कळवू, त्यानंतर डिपॉझिटमधून काही कापणार नाही.’ मुदत तुमच्यावरही बंधनकारक असू द्या. आठ दिवस डिपॉझिट अडकवून ‘बघतो, सांगतो’ करणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

आता हळद. ग्राहकाने घरी साबण लावला की पिवळा डाग लालभडक होतो, कारण साबण अल्कधर्मी असतो. मग घाबरून तो जोरात घासतो, आणि रेशमाचा तंतू उठतो. डागाचा खर्च ३०० असतो. घासून उठलेला तंतू पुन्हा बसत नाही. त्यामुळे ‘डाग पडल्यास घरी धुऊ नये, टिपकागदाने टिपून तसंच आणावं’ हा नियम दंडाच्या यादीपेक्षा वर, ठळक अक्षरात छापा. डाग सांगून आणला तर फक्त ड्रायक्लीनरच्या बिलाएवढी रक्कम कापायची, आणि बिलाचा फोटो पाठवायचा. लपवून धुऊन आणला तर कापड बिघडल्याचा वेगळा हिशोब. एवढा फरक ठेवला की लोक डाग आपणहून सांगतात.

प्रश्न: प्रत्येक ग्राहकाकडून डिपॉझिटमधून १५० रुपये ड्रायक्लीनिंगचे कापतो. एकाने हरकत घेतली.

बरोबर घेतली. सरसकट सगळ्यांकडून घ्यायचे असतील तर ते भाडं आहे, भाड्यात मिळवा आणि आधी सांगा. साडी नुसती झटकून पुढच्याला द्यायची आणि पैसे ड्रायक्लीनिंगच्या नावाने कापायचे, ही फसवणूक आहे.

प्रश्न: साडी पूर्ण फाटली. नवीन साडीची किंमत वसूल करायची आहे, पावतीवर तसं छापलेलंही आहे.

पावतीवर छापलं की सगळं वसूल होतं ही ऐकीव गोष्ट आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. मिळते ती त्याच्या आतली वाजवी भरपाई. आणि अठरा वेळा भाड्याने गेलेल्या साडीला नव्या साडीची किंमत वाजवी ठरत नाही.

हिशोब असा करा. तुमच्या नोंदवहीनुसार अशी साडी साधारण ३० वेळा बाहेर जाते आणि मग बाद होते. ही १८ वेळा गेलेली आहे, उरल्या १२ खेपा. ४,५०० चे तीसपैकी बारा भाग म्हणजे १,८०० रुपये. फाटलेल्या साडीच्या काठाचा तुम्हाला उपयोग असेल, समजा ३०० रुपयांचा, तर ते वजा करून १,५०० मागा. किंवा पूर्ण १,८०० घ्या आणि फाटकी साडी ग्राहकाला देऊन टाका. पैसेही घ्यायचे आणि साडीही ठेवायची, असं नको. साडी किती वेळा बाहेर गेली याची नोंद नसेल तर हा हिशोब उभाच राहत नाही, म्हणून प्रत्येक नगाला स्वतंत्र पान हवं.

त्याआधी फाटली कशी ते बघा. शिवणीवर उसवली असेल तर कदाचित तुम्हीच एक माप लहान दिलं असेल. ती झीज, तिचा खर्च तुमचा. निखळलेला हुक, गळलेले दोन मणी, उतरलेलं पॉलिश, घामाचा वास, हे सगळं भाड्यात आलं. शिवण सोडून मधोमध कापड चिरलं, किंवा सिंथेटिक कापडाला भोक पडून कडेला वितळलेले कडक मणी झाले, तर ते नुकसान. कडक मणी म्हणजे कापडाला आच लागली, बहुधा फुलबाजी किंवा सिगारेटची.

दुसऱ्या दिवशीचं बुकिंग बुडालं तर त्याची भरपाई मागता येते का, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. ते बुकिंग आहे हे ग्राहकाला आधी माहीत असेल तर तुमची बाजू बळकट होते. म्हणून पावतीवर ‘ही साडी अमुक तारखेला पुढे दिलेली आहे’ असं लिहा. रक्कम मोठी असेल तर नोटीस पाठवण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न: शाळेला मावळ्यांचे ४० पोशाख द्यायचे आहेत. डिपॉझिट पालकांकडून घेऊ की शाळेकडून?

शाळेकडूनच. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, एका शिक्षकाचं नाव आणि एकच डिपॉझिट. चाळीस पालकांशी चाळीस हिशोब कराल तर जानेवारी त्यातच जाईल.

प्रत्येक पोशाखाला क्रमांकाची पिशवी द्या आणि अंगरखा, सुरवार, शेला, पगडी, कवड्यांची माळ असं पिशवीवर लिहा. परत घेताना मात्र पिशव्यांप्रमाणे मोजू नका. मुलांनी पगड्या अदलाबदल केलेल्याच असतात. सगळ्या पगड्या एकत्र, सगळे शेले एकत्र असे मोजा आणि एकूण कमी भरेल तेवढंच कापा. पुठ्ठ्याच्या तलवारी भाड्याने देऊच नका. त्या मोडणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, मग विकून मोकळे व्हा.

प्रश्न: उशिरा आणलं तर रोज भाड्याच्या तिप्पट दंड लावतो. ठीक आहे ना?

नाही. दर दिवसाला एक भाडं घ्या. आणि किती वाजेपर्यंत आणायचं ते लिहा. ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणजे सकाळी दहा की रात्री नऊ, यावरच निम्मी भांडणं होतात.

प्रश्न: डिपॉझिटवर जीएसटी भरावा लागतो का?

परत करायच्या डिपॉझिटवर नाही, जोवर तुम्ही ते भाड्यात वळवत नाही. कापलेली रक्कम उशिराचं भाडं आहे की नुकसानभरपाई, यावर पुढचं ठरतं. म्हणून दोन्ही पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवा आणि सीएला विचारा. वीस हजार किंवा त्याहून मोठं डिपॉझिट रोख घेण्याआधीही त्यालाच विचारा. आणि ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. डिसेंबरात आलेल्या डिपॉझिटमधून नवा माल भरला की जानेवारीत परत द्यायला पैसे नसतात, आणि मग माणूस नसलेले डाग शोधायला लागतो.