डागांची ट्यूब आणि सातवा आठवडा

«ताई, गरोदरपणाचा सातवा आठवडा सुरू आहे. गालावरच्या वांगासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब चार महिने रोज रात्री लावत होते. आता बंद करू का? आणि त्याऐवजी काय लावू? नागपुरातच राहते, रोज गाडीवर ऑफिसला जाते.»

आज रात्रीपासूनच बंद कर. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाच. आपल्याकडे चिठ्ठी न मागता मिळणाऱ्या अशा ट्यूबमध्ये बहुतेक वेळा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हायड्रोक्विनोन लावलं की त्याचा बराच भाग, साधारण एक तृतीयांशाहून जास्त, त्वचेतून रक्तात जातो, म्हणून गरोदरपणात ते नको. ट्रेटिनॉइन रेटिनॉइडच्या घरातलं. रेटिनॉल, अॅडापॅलीन हेही त्याच घरातले, तेही थांबवायचे. आतापर्यंत लावलंस म्हणून घाबरू नकोस, लावायच्या ट्रेटिनॉइनचं रक्तात जाणारं प्रमाण फार कमी असतं. पण पुढच्या तपासणीला ट्यूब सोबत ने आणि गायनॅकला दाखव. (मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या मात्र वेगळी गोष्ट. त्या चालू असतील तर आजच फोन.)

तिसरं औषध, मोमेटासोन, स्टिरॉइड आहे, आणि खरा त्रास तेच देतं. इतके महिने लावून सोडलं की काही दिवसांत चेहरा लाल होतो, चरचरतो, बारीक पुटकुळ्या येतात. बाया समजतात नवीन क्रीम सोसलं नाही, आणि पुन्हा तीच ट्यूब लावतात. तसं करू नकोस. तेवढे दिवस फक्त सौम्य फेसवॉश आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. जळजळ सहन होत नसेल तर स्किनच्या डॉक्टरांकडे जा. गरोदर आहेस हे आधी सांगितलं की ते चालणारं सौम्य औषध देतील.

चेहरा शांत झाला की अॅझेलाइक अॅसिड. हे वांगावरही चालतं आणि गरोदरपणातही. १० टक्क्यांचं घे, वाटाण्याएवढं, एक रात्र सोडून. थोडं चुणचुणलं तर चालेल, पण लाली सकाळपर्यंत टिकली तर अंतर वाढव. सोबत नायसिनामाइड चालेल, सकाळी व्हिटॅमिन सीही. त्याने डाग हळू जातात, ट्यूबसारखे पंधरा दिवसांत नाही.

पण उन्हाला अडवलं नाहीस तर हे सगळं फुकट. वांगाला नुसती अतिनील किरणं नाही, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही गडद करतो, आणि साधं सनस्क्रीन तो नीट रोखत नाही. म्हणून झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घे. दोन बोटांच्या लांबीएवढं, चेहरा आणि मानेला. आपल्या मे महिन्यात बर्डीच्या सिग्नलवर थांबलीस तरी तोंड भाजतं, तेव्हा स्कार्फ पक्का बांध, पण घामाने सनस्क्रीन पुसलं जातं, ऑफिसला पोचल्यावर पुन्हा लाव.

एवढं करूनही सहाव्या-सातव्या महिन्यात डाग थोडे गडद होतील. ते हार्मोन्समुळे. बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिकट होतात, तोवर हायड्रोक्विनोनची आठवण काढू नकोस.