पाळीच्या तारखा आणि दोघांचे वजन

«ताई, माझे वय २९, उंची १५२ सेंटिमीटर आणि वजन ६८ किलो आहे. दीड वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत. पाळीच्या शेवटच्या तारखा १२ जानेवारी, ३ मार्च आणि १८ एप्रिल. डॉक्टरांनी पीसीओडी असल्याचे सांगून वजन कमी करायला सांगितले, म्हणून महिनाभर रात्रीचे जेवण सोडले आहे. माझी जाऊ माझ्यापेक्षा जाड आहे, तरी तिला दोन मुले आहेत. ह्यांचे वजन ९४ किलो, उंची १७२. पण सासूबाई म्हणतात, पुरुषाच्या वजनाचा काय संबंध? सांगा, मी काय करू?»

तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात हे फार बरे केलेत, कारण सगळे उत्तर त्यांतच आहे. पहिल्या दोन पाळ्यांत साधारण ५० दिवसांचे अंतर आहे आणि पुढच्या दोन पाळ्यांत ४६ दिवसांचे. ज्या बाईची पाळी २८ दिवसांनी येते, तिला वर्षातून तेरा वेळा संधी मिळते. तुम्हाला मात्र सात-आठच, आणि त्यांतही प्रत्येक वेळी स्त्रीबीज बाहेर पडलेच असेल असे नाही. तुमच्या जाऊबाईंची पाळी बहुधा महिन्याच्या महिन्याला येत असेल. वजन जास्त असूनही बीज वेळेवर फुटत असेल, तर दिवस राहायला अनेकींना अडचण येत नाही, म्हणून त्यांच्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

तुमच्या बाबतीत वजन आड येते ते असे. पोटाभोवती चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि ती कसर भरून काढण्यासाठी शरीर जास्त इन्सुलिन तयार करते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते, त्यामुळे बीजकोश अर्ध्यातच वाढायचे थांबतात आणि बीज फुटत नाही. सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारखे जे ठिपके दिसतात, ते हेच थांबलेले बीजकोश.

आता किती वजन उतरवायचे, ते पाहू. भारतीयांसाठीच्या तक्त्याप्रमाणे तुमच्या उंचीला वजन ५३ किलोपर्यंत असावे, पण तो आकडा पाहून धास्ती घेऊ नका. सध्याच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के, म्हणजे साधारण साडेतीन ते सात किलो, उतरले तरी पीसीओडी असलेल्या अनेक जणींची पाळी सुधारते. सहा महिन्यांत वजन ६२-६३ वर आणायचे एवढेच ध्येय ठेवा. रात्रीचे जेवण मात्र आजपासून सुरू करा. खाणे फारच तोडले की मेंदू अंडाशयाला द्यायचे संदेश आवरते घेतो. फार बारीक मुलींची पाळी जाते ती याच कारणाने. ताटातला भात-पोळी निम्म्यावर आणा, उसळ आणि भाजी वाढवा, चहातली साखर बंद करा आणि रोज पाऊण तास झपझप चाला. काट्यापेक्षा कॅलेंडरकडे लक्ष द्या: ४६ दिवसांचे अंतर ३८ झाले, मग ३४ झाले, तर योग्य दिशेने चालले आहे असे समजा.

बीज फुटले का, हे पाहण्याची रक्ततपासणी अनेकदा सरसकट एकविसाव्या दिवशी सांगतात. तुमच्या लांब चक्रात त्या दिवशी ती नकारार्थीच येण्याची शक्यता फार. ती पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी व्हायला हवी. डॉक्टरांना या तारखा दाखवूनच दिवस ठरवा. बीज फुटण्याचा दिवस ओळखण्यासाठी घरी वापरायच्या लघवीच्या पट्ट्याही पीसीओडीत खोटी आशा दाखवतात.

सासूबाईंना नम्रपणे सांगा की संबंध आहे. पुरुषाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते, त्यामुळे शुक्रजंतू बनवण्याचा मेंदूकडून येणारा संदेश मंदावतो. शिवाय मांड्यांमधली चरबी वृषणांची उष्णता वाढवते. वजन जास्त असूनही ज्यांची तपासणी चांगली येते असेही पुष्कळ पुरुष असतात, म्हणून अंदाज न बांधता वीर्यतपासणी करून घ्या. त्याआधी किमान दोन आणि जास्तीत जास्त सात दिवस संबंध टाळावा. अलीकडे ताप येऊन गेला असेल तर तो आवर्जून सांगावा, कारण शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि त्या तापाचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसू शकतो. वजन कमी केल्याचा फायदाही तेवढाच उशिरा दिसतो. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले, तर ते मुळीच घेऊ देऊ नका. त्याने शुक्रजंतू जवळजवळ नाहीसे होऊ शकतात.

वजन उतरल्याने बंद गर्भनलिका उघडत नाहीत, त्यामुळे नलिकांची, थायरॉइडची आणि प्रोलॅक्टिनची तपासणी आताच उरकून घ्या. तुम्ही सदतीस वर्षांच्या असता तर सहा महिने थांबायला मी सांगितलेच नसते. तुमच्या वयाला तेवढा वेळ आहे, पण तोवर पाळीतले अंतर कमी झाले नाही, तर बीज फुटण्यासाठी लेट्रोझोलच्या गोळ्या सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि त्या भेटीला दोघेही जा.