पहिल्यांदा शाई भरताना बाटली पूर्ण ओतायची का?

प्रश्न: नवीन इंक टँक प्रिंटर घेतलाय. पहिल्यांदाच शाई भरणार आहे. बाटली पूर्ण ओतायची का? आणि नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर काय करायचं?

उत्तर:

टाकीवरच्या वरच्या रेषेला शाई टेकली की थांबा. बाटलीत उरलेली शाई झाकण लावून उभी ठेवा, ती लगेच लागणार आहे.

गिरगावात माझं छोटं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानातले तीन प्रिंटर मी भरलेत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे किती ते मोजलेलं नाही. त्यावरून सांगतो, बाटली उघडायच्या आधी टेबल बघा. आमच्या मागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझा भाचा राहतो. लाकडी जमीन, तिला गॅलरीकडे उतार. त्याने प्रिंटर ठेवला तो मागे कललेला आणि रेष बघत होता पुढच्या खिडकीतून. पुढे शाई रेषेला लागली तेव्हा मागे ती अर्धा सेंटीमीटर वर गेली होती. त्यात "पैसे मोजलेत, टाकायची कशाला" म्हणून गुलाबीची बाटली दाबून शेवटचा थेंबही ओतला.

पहिलं पान झकास आलं. दुसऱ्यात गुलाबी खालच्या बाजूला फिकट होत गेला, तिसऱ्यात जवळजवळ गायब. टाकीतून शाई जाते तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी टाकीच्या वरच्या भागात वाट ठेवलेली असते. तीच शाईने बुजली होती. मी केमिस्टकडून सुई नसलेली सिरिंज आणि बारीक नळी आणली, प्रिंटर बंद करून शाई रेषेच्या थोडी खाली येईपर्यंत ओढली, तोंडाभोवतालची टिश्यूने टिपली. पुढच्या पानांत रंग परतला. अशा वेळी प्रिंटर तिरका करून शाई सांडायचा मोह आवरा. तिरका केला की ती टाकीऐवजी प्रिंटरच्या पोटात उतरते.

तर, टेबलावर एक गोटी ठेवून बघा. घरंगळली तर पायाखाली पुठ्ठा द्या. बाटलीवर हलवा असं लिहिलं नसेल तर ती हलवू नका, फेस होतो. टाकीच्या तोंडात बसणारी बाटली असेल तर ती स्वतःच थांबते, तिला पिळू नका. शाई येतच नसेल तर काढून परत बसवा. झाकणं घट्ट लावा.

आता प्रायमिंग. टाकीपासून कागदावर शाई सोडणाऱ्या हेडपर्यंतच्या नळ्या सुरुवातीला रिकाम्या असतात. प्रिंटरचा पंप हेडच्या बाजूने ओढून त्या भरतो. मी भरलेल्या बहुतेक मॉडेलमध्ये आधी चारही टाक्या भरायच्या, मग प्लग लावायचा आणि थेंबाचं चित्र असलेलं बटण पाच सेकंद दाबून धरायचं. तुमच्या मॉडेलचा क्रम सोबतच्या पत्रकात बघा. दहा-वीस मिनिटं तो घरघरतो. तेवढ्यात प्लग काढायचा नाही. गिरगावात वीज क्वचित जाते, पण त्याच बोर्डवर इस्त्री लावायला कोणीतरी येतंच, तेव्हा स्विचवर चिठ्ठी लावा. संपल्यावर टाकीतली पातळी खाली गेलेली दिसेल. ती गळती नव्हे, शाई नळ्यांत आणि हेडमध्ये गेलेली असते. उरलेली शाई आता ओता, पुन्हा रेषेपर्यंतच.

मग `Nozzle Check`, म्हणजे रंगीत रेघांचं चाचणीचं पान, काढा. नळीत एखादा बारीक बुडबुडा दिसला म्हणून घाबरू नका, पान नीट येत असेल तर त्याला हात लावू नका. रेघा तुटत असतील तर एकदा `Head Cleaning` करून दुसरं पान काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. तुटकी जागा दोन्हींत तीच असेल तर हेडचं छिद्र तुंबलंय. जागा बदलत असेल, किंवा पानाची सुरुवात चांगली होऊन रंग पुढे विरत असेल, तर बहुधा हवा आहे किंवा वरच्यासारखी हवेची वाट बुजलीय.

हवेसाठी क्लीनिंगवर क्लीनिंग करत बसू नका. प्रत्येक वेळी शाई वाया जाते, ती आतल्या पॅडमध्ये साठते आणि बुडबुडे आणखी फुटून फेस होतो. तीनदा करून फरक पडला नाही तर प्रिंटर बंद करून किमान बारा तास तसाच ठेवा. बुडबुडे एकत्र येऊन वर सरकायला वेळ लागतो. मी रात्री ठेवतो आणि सकाळी दुकान उघडल्यावर परत तपासतो. मग एक क्लीनिंग बहुतेकदा पुरतं. तरीही अडलं तर `Power Cleaning` हे जास्त जोराचं क्लीनिंग आहे, पण त्याला प्रत्येक टाकी निदान एक तृतीयांश भरलेली हवी. कमी शाईत ते चालवलंत तर तळातून हवाच ओढली जाईल आणि काम पुन्हा पहिल्यापासून.