आयएटीच्या एका आकड्यावर कुणाला पक्षपाती ठरवू नकोस

आयएटी म्हणजे चेहरे आणि शब्द कळ दाबून गटांत टाकायला किती वेळ लागतो, यावरून मनातल्या जोडण्यांचा अंदाज घेणारी चाचणी. समज, तुझ्या सहभागीला ‘गोरे–चांगले’ ही जोडी एका कळीवर असताना सरासरी 700 मिलिसेकंद लागले आणि ‘काळे–चांगले’ असताना 850. फरक 150, दोन्ही टप्प्यांतल्या प्रतिसादांचं एकत्रित प्रमाण विचलन 250 असेल, तर फरकाला विचलनाने भागून येणारा डी-गुण 0.6. यातून एवढंच कळतं, की पहिली जोडणी त्याला सोपी गेली. कारण मनातली नावड असेल, समाजात सतत कानावर पडलेलं असेल, किंवा ती जोडी आधी आली एवढंच. म्हणून निम्म्या लोकांसाठी क्रम उलटा ठेवच. त्याच लोकांची चाचणी पुन्हा घेतलीस तर दोन वेळच्या गुणांतला सहसंबंध साधारण 0.5 निघतो. इतक्या डळमळीत मापावर कुणाची नोकरी ठरवणं मला सरळ अन्याय वाटतो. गटांच्या सरासरीची तुलना मात्र जरूर कर.