जीपीएसची स्थाननिश्चिती आणि चौथा उपग्रह

प्रश्न: मोबाईल उपग्रहाला काहीच पाठवत नाही, तरी त्याला आपले ठिकाण कसे कळते? आणि तीन अंतरे पुरेशी असताना चार उपग्रह का लागतात?

उपग्रह सतत प्रक्षेपण करत असतात आणि रिसीव्हर केवळ ऐकतो. प्रत्येक जीपीएस उपग्रह स्वतःचा असा, शून्य आणि एक यांच्या १०२३ अंकांचा एक ठरावीक संकेत पाठवतो आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तोच संकेत रिसीव्हर स्वतःच्या आत तयार करतो आणि आलेल्या संकेताशी तंतोतंत जुळेपर्यंत मागेपुढे सरकवून पाहतो. किती सरकवावे लागले, यावरून संकेताला वाटेत लागलेल्या वेळेचा मिलिसेकंदाच्या आतला भाग कळतो. एका मिलिसेकंदात प्रकाश सुमारे ३०० किलोमीटर जातो, त्यामुळे पूर्ण मिलिसेकंद किती गेले हे वेगळे ठरवावे लागते. त्यासाठी संकेतावरच अतिशय संथपणे, सेकंदाला ५० बिट या गतीने, एक संदेश येतो. त्यात दर सहा सेकंदांनी वेळेची नोंद असते, आणि उपग्रहाची कक्षा व त्याच्या घड्याळातील फरक यांची माहितीही असते. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने हा प्रवास साधारण ६७ ते ८६ मिलिसेकंदांचा असतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. उपग्रहात अणुघड्याळ असते, तर मोबाईलमध्ये स्वस्त क्वार्ट्झ स्फटिक असतो. घड्याळ सेकंदाच्या एक दशलक्षांश भागाने जरी चुकले, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणजे रिसीव्हरने मोजलेले एकही अंतर खरे नसते, आणि म्हणूनच त्याला स्यूडोरेंज म्हणतात. मात्र रिसीव्हरचे घड्याळ एकच असल्यामुळे ही चूक त्या क्षणी सर्व उपग्रहांच्या बाबतीत अगदी सारखी असते, आणि माझ्या मते साऱ्या पद्धतीचे सौंदर्य यातच आहे.

एका सरळ रेषेवरचे उदाहरण घेऊ. ९०० किलोमीटर अंतरावर अ आणि ब ही दोन प्रक्षेपण केंद्रे आहेत आणि तुम्ही त्यांच्या मध्ये, अ पासून ३०० किलोमीटरवर आहात. तुमचे घड्याळ अर्धा मिलिसेकंद पुढे असल्याने दोन्ही अंतरे १५० किलोमीटरने जास्त भरतात, म्हणजे अ पासून ४५० आणि ब पासून ७५०. त्यांची बेरीज १२०० होते, परंतु केंद्रांमधले अंतर तर ९०० आहे. जास्तीचे ३०० किलोमीटर दोन्ही अंतरांत समान वाटले, की प्रत्येकातून १५० वजा होतात. ठिकाण ३०० किलोमीटरवर सापडते आणि घड्याळ किती पुढे आहे हेही कळते. एका मितीत ठिकाणासाठी एक केंद्र पुरले असते, दुसरे घड्याळासाठी लागले. अवकाशात ठिकाणाच्या तीन संख्या आणि घड्याळाची एक, असे चार अज्ञात असतात, म्हणून चार उपग्रह लागतात. प्रत्येक उपग्रहासाठी समीकरण असे असते:

ρ = √((X−x)² + (Y−y)² + (Z−z)²) + c·b

येथे ρ हे मोजलेले अंतर, X, Y, Z हे उपग्रहाचे स्थान, x, y, z हे तुमचे, c हा प्रकाशाचा वेग आणि b ही तुमच्या घड्याळाची चूक. वर्गमुळामुळे ही समीकरणे थेट सोडवणे अवघड जाते. म्हणून रिसीव्हर सहसा एक अंदाजी ठिकाण धरतो, तेथून अंतरे किती यायला हवीत ते काढतो, मोजलेल्या अंतरांशी पडणारा फरक पाहून ठिकाण आणि घड्याळ दोन्ही दुरुस्त करतो, आणि हेच पुन्हा करतो. अगदी पृथ्वीच्या केंद्रापासून सुरुवात केली, तरी थोड्याच फेऱ्यांत उत्तर स्थिरावते.

उपग्रह चारच असतील तर समीकरणेही चारच असतात, आणि एखादा संकेत इमारतीवर आपटून लांबच्या वाटेने आलेला असला तरी उत्तर बिनतक्रार जुळते. ते चुकीचे आहे हे ओळखण्याचा मार्गच राहत नाही. पाचवा उपग्रह आला की जुळवणीनंतर काही फरक उरतो आणि गडबड उघड होते; सहावा असेल तर दोषी उपग्रह कोणता, हेही बहुधा शोधता येते.

जीपीएसने दाखवलेली उंची आडव्या स्थानापेक्षा कमी भरवशाची असते, तिचे कारणही या घड्याळातच आहे. सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात. तुम्ही वर गेलात तर माथ्यावरच्या उपग्रहांची अंतरे कमी होतात, आणि घड्याळ मागे पडले तरीही ती कमीच भरतात, त्यामुळे या दोन कारणांचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. क्षितिजालगतच्या उपग्रहाचे अंतर उंचीने फारसे बदलत नाही, पण घड्याळाच्या चुकीने पूर्ण बदलते. म्हणून वेगळे काढण्याचे काम तोच चांगले करतो. अडचण अशी की त्याचा संकेत वातावरणातून तिरका, लांब वाटेने येतो आणि अधिक रेंगाळतो. त्यामुळे अचूक मोजणीत साधारण १० ते १५ अंशांखालचे उपग्रह वगळतात, आणि उंचीतली थोडी अनिश्चितता पत्करतात.