फॉर्ममधला अगम्य मजकूर: बॉट की माणूस?

"सोसायटीच्या तक्रार फॉर्मवर रोज kqZvTnwRbXhL असलं काहीतरी येतं. हे बॉट की कुणाची चूक? सरसकट डिलीट करू का?"

सरसकट करू नका. तुम्ही दिलेला नमुना बॉटचाच वाटतो, पण आमच्याकडे अशाच एका मजकुरामागे खरी तक्रार होती. नाव आणि फ्लॅट नंबर बरोबर होता, तक्रारीच्या रकान्यात मात्र पानभर असला मजकूर, सुरुवात अशी:

```
vcmdkej heCr kOr /sCej
```

मी तो काढून टाकणार होतो. तेवढ्यात त्या पानभर मजकुरात पुन्हा पुन्हा येणारे Eus आणि veur हे शब्द दिसले. मी स्वतः इन्स्क्रिप्टवर टाइप करतो. त्या कीबोर्डवर v म्हणजे न, c म्हणजे म, m म्हणजे स, d म्हणजे हलंत. एकेक कळ लावत गेलो तर निघालं, "नमस्कार पाणी कधी येणार". Eus म्हणजे "आहे", veur म्हणजे "नाही". लिहिणाऱ्या काकूंची नजर कीबोर्डवर होती आणि भाषा इंग्रजीवरच राहून गेली होती. चार दिवस त्यांच्याकडे पाणी नव्हतं, म्हणून हे मला फार लागलं.

अशा मजकुरात भाषेचा सांगाडा शिल्लक असतो. शब्दांमध्ये मोकळी जागा असते, काही शब्द परत परत येतात, काना म्हणजे e असल्यामुळे e जागोजागी दिसतो. शिवाय य, च आणि ड अनुक्रमे /, ; आणि [ या कळांवर असल्याने ही चिन्हं शब्दांच्या पोटात शिरतात. कृतिदेव फॉन्टच्या जुन्या फाइलमधून उचललेला मजकूरही असाच दिसतो, फक्त अक्षरं वेगळी. तिथे "मराठी"चं ejkBh होतं, आणि ते कन्व्हर्टरमध्ये टाकलं की सरळ वाचता येतं. नुसतं बोट घसरलं असेल तर asdfg सारख्या शेजारच्या कळा किंवा एकच अक्षर लांबत गेलेलं दिसतं.

बॉटच्या मजकुरात यातलं काही नसतं. लहानमोठी अक्षरं मध्येच मिसळलेली, मोकळी जागा नाही, आणि मुख्य म्हणजे नावाच्या रकान्यातही तसलीच दुसरी माळ. असं निरर्थक पाठवण्यामागे बहुतेकदा चाचपणी असते: फॉर्म मजकूर घेतो का, तो कुठे जाहीर दिसतो का. अनोखी माळ नंतर सर्चमध्ये शोधणं सोपं जातं. कधी एकच लिंक `<a href=`, `[url=` आणि `[link=` अशा तिन्ही तऱ्हांनी येते, म्हणजे कुठली चालते ते कळावं.

माणसाला दिसणार नाही असा लपवलेला रकाना ठेवून तो भरणारे बॉट पकडता येतात, पण त्याला email किंवा phone असं नाव देऊ नका. ब्राउझरचं ऑटोफिल तो भरतं आणि खरा माणूस अडकतो. एकाच रकान्यात सहा-सात अक्षरं आली असतील तर नुसतं बघून ठरवता येत नाही. त्यांना मी वेगळ्या यादीत ठेवतो आणि फ्लॅट नंबर जुळला तर फोन करून विचारतो.