कंडिशन म्हणजे अट की अवस्था?

प्रश्न: आमच्या इन्स्पेक्शन विभागातल्या नव्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहितो आहे. 'मॅक्झिमम मटेरियल कंडिशन'ला 'कमाल द्रव्य अट' म्हटलं तर चालेल का? आणि मुलं म्हणतात, मॅक्झिमम म्हणजे मोठं भोक, म्हणून बोनस ती वरच्या मापापासून खाली मोजतात. चार भोकांच्या प्लेटवर बोनस टॉलरन्स नेमका कसा काढायचा?

'द्रव्य' चालवून घेऊ, 'अट' नको. इंग्रजीतला 'कंडिशन' मराठीत आला की त्याच्या दोन वाटा होतात. करारातली कंडिशन म्हणजे अट आणि दवाखान्यात विचारतात ती पेशंटची कंडिशन म्हणजे अवस्था. इथे पेशंटची आहे. भोकाच्या मापाला वरची आणि खालची हद्द असते. त्यातल्या ज्या हद्दीला जॉबवर जास्तीत जास्त धातू शिल्लक असतो, त्या अवस्थेचं हे नाव. शिवाय 'अट' हा शब्द राखून ठेवायला एक कारण आहे. आयएसओ २६९२ या मानकात 'मॅक्झिमम मटेरियल रिक्वायरमेंट' असा वेगळा शब्द येतो आणि ती खरोखरच अट आहे. भोक कुठल्याही मापाचं असो, कितीही सरकलेलं असो, त्याच्या भिंतीने एक ठरावीक हद्द ओलांडायची नाही, असं ती सांगते. पहिल्याला 'अट' म्हणून बसलात तर दुसऱ्याला शब्द उरत नाही.

आता 'मॅक्झिमम'. तुमच्या मुलांची चूक गणिताची नाही, व्याकरणाची आहे. हे विशेषण मटेरियलला लागलं आहे आणि ती ते भोकाला लावतात. खरं तर त्यांना याचं उत्तर शॉपमधल्या बोलीतच सापडेल. बोअर अंडरसाइज निघाला की टर्नर म्हणतो, "अजून माल आहे," आणि पुन्हा टूल लावतो. ओव्हरसाइज झाला की म्हणतो, "माल गेला." म्हणजे भोक लहान तेव्हा माल जास्त. विश्वास बसत नसेल तर एकाच मापाच्या दोन प्लेटा काट्यावर ठेवायला सांगा. लहान भोकांची प्लेट जड भरेल. दांड्याचं उलटं, तो जाड तेव्हा माल जास्त. म्हणून मी टिपणात 'कमाल माल अवस्था' लिहीन. 'द्रव्य' शब्द शुद्ध असेल, पण लेथवर उभा असलेला माणूस तो उच्चारत नाही.

शब्दाचं झालं, आता प्लेट घेऊ. एम ८ बोल्टसाठी चार भोकं आहेत. माप ८.४ ते ८.६ मिमी. खालच्या चौकटीत पोझिशनचं चिन्ह, व्यासाचं चिन्ह, ०.४, कमाल माल अवस्था सांगणारा वर्तुळातला एम आणि मग डेटम ए, बी, सी. ए म्हणजे प्लेटचं तोंड, बी आणि सी म्हणजे दोन कडा. ही चौकट मराठीत अशी वाचावी: भोक ८.४ चं असेल तर त्याचा मध्य, नेमक्या जागेभोवतीच्या ०.४ मिमी व्यासाच्या वर्तुळात पाहिजे. (प्लेटला जाडी असते, त्यामुळे खरं तर हे वर्तुळ नसून तोंडाशी काटकोनात उभा सिलिंडर आहे, आणि भोकाचा अक्ष वरपासून खालपर्यंत त्याच्या आत लागतो. तिरपं ड्रिल झालेलं भोक इथेच पकडलं जातं.)

या आकड्यांमागे बोल्ट आहे. ८.४ च्या भोकाची त्रिज्या ४.२. मध्य व्यासाच्या ०.४ मध्ये फिरतो, म्हणजे नेमक्या जागेपासून जास्तीत जास्त ०.२ सरकतो. सरकला की एका बाजूची भिंत तेवढीच आत येते आणि नेमक्या जागेपासून भिंतीपर्यंत ४.० उरतात. बोल्टची त्रिज्या ४.०. बोल्ट जेमतेम जातो. ८.४ मधून ०.४ वजा करून आलेल्या या ८.० ला व्हर्च्युअल कंडिशन म्हणतात. अट म्हणते ती हद्द हीच.

आता भोक ८.५२ चं निघालं असं धरा. त्रिज्या ४.२६. मध्य ०.२६ सरकला तरी भिंतीपर्यंत ४.० उरतातच आणि बोल्टला काही कळत नाही. म्हणून इथे मुभा ०.५२ होते. मूळची ०.४ आणि वर ०.१२ बोनस. हे ०.१२ म्हणजे मोजलेल्या मापातून सर्वांत लहान चालणारं माप वजा करून जे उरतं ते, ८.५२ मधून ८.४. वरच्या ८.६ शी त्याचा संबंध एवढाच की बोनस ०.२ च्या वर कधीच जात नाही.

'बोनस' या शब्दावर माझा थोडा राग आहे. आपल्याकडे बोनस म्हटलं की दिवाळी, आणि दिवाळीचा बोनस म्हणजे वरून आलेले पैसे. इथे वरून काही येत नाही. बोल्ट आणि भोक यांच्यातली मोकळीक भोक मोठं झाल्याने वाढली, ती जागेच्या चुकीसाठी वापरायला दिली, इतकंच. 'वाढीव मुभा' म्हटलं तर डोळ्यांपुढे बरोबर चित्र येतं. पण शॉपमध्ये 'बोनस' इतका रुळला आहे की तो काढायला जाऊ नका.

समजा सीएमएमवर चार भोकं मोजली. जागेचा फरक असा काढतात:

२ × √(क्ष² + य²)

क्ष आणि य म्हणजे दोन दिशांना मध्य किती सरकला ते. सुरुवातीचा दोन विसरू नका. मध्य सरकतो तो त्रिज्येत आणि चौकटीतली मुभा असते व्यासात. हा दोन गाळल्यामुळे नापास माल 'ओके'च्या पेटीत गेलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि पत्ता लागला तो असेंब्लीवाल्यांचा फोन आल्यावर.

पहिलं भोक ८.४१, सरकलं ०.१२ आणि ०.१५. फरक ०.३८४, मुभा ०.४१. पास. दुसरं ८.५२, सरकलं ०.२० आणि ०.१५. फरक बरोबर ०.५०, मुभा ०.५२. पास, पण निव्वळ बोनसवर. तिसरं ८.४३, सरकलं ०.१८ आणि ०.१४. फरक ०.४५६, मुभा ०.४३. नापास. मुलं इथे अडतील. जास्त सरकलेलं दुसरं पास आणि कमी सरकलेलं तिसरं नापास, हे कसं? कारण प्रत्येक भोक आपल्याच मापावर बोनस मिळवतं. दुसऱ्याचा शिल्लक बोनस तिसऱ्याला देता येत नाही आणि चौघांची सरासरीही काढता येत नाही. एक भोक अडलं की अख्खी प्लेट अडली.

तिसऱ्यात मात्र अजून माल आहे. ते त्याच मध्यावर रीमरने ८.५ पर्यंत उघडलं तर मुभा ०.५० होते आणि ०.४५६ त्यात बसतं. रीमर सहसा आधीच्या भोकामागे जातो, जागा दुरुस्त करत नाही. इथे जागा दुरुस्त करायचीच नाही, म्हणून त्याचा हा अवगुण चालून जातो. चौथं भोक ८.६३, सरकलं जेमतेम ०.०५ आणि ०.०२. जागेचा फरक ०.१०८, म्हणजे जागा छान. तरीही नापास, कारण माप ८.६ च्या वर गेलं. मापाची परीक्षा वेगळी असते. तिथे बोनस कामाला येत नाही आणि याला रिवर्कही नाही, माल गेलेला आहे.

एक फसवी जागा आहे. दुसऱ्या भोकाचं ८.५२ हे माप कुठून आलं? दोन टोकांत मोजणाऱ्या बोअर गेजने घेतलं असेल आणि भोक किंचित अंडाकृती असेल, तर ते मोठ्या बाजूचं माप असू शकतं. बोनससाठी लागतं ते भोकात बसणाऱ्या सर्वांत मोठ्या नितळ पिनचं माप. अशी पिन लावून पाहिल्यावर ८.४९ चीच गेली तर मुभा ०.४९ होईल आणि ०.५० चं हे भोक नापास होईल. बोनसच्या काठावर पास झालेलं भोक दिसलं की मी आधी पिन मागतो.

गणित नकोच असेल तर गेज करून घ्या. नेमक्या जागांवर, तोंडाशी काटकोनात ८.० च्या चार पिना आणि बी, सी कडांना टेकायला आधार. प्लेट तोंडावर सपाट बसली, कडांना टेकली आणि चारही पिना गेल्या तर जागा पास. बोनस किती हे गेजला माहीत नसतं आणि लागतही नाही. मात्र गेज भोकाचं माप तपासत नाही. चौथं भोक त्यावर आनंदाने बसेल, त्यासाठी गो-नोगो वेगळा हवा.

'ट्रू पोझिशन किती आली?' असं आपल्याकडे सर्रास विचारतात. अमेरिकी मानक एएसएमई वाय १४.५ मध्ये ट्रू पोझिशन म्हणजे कागदावरची नेमकी जागा. ती कधी 'येत' नाही, जिथे आहे तिथेच असते. येतो तो तिच्यापासूनचा फरक, त्याला नुसतं 'पोझिशन' म्हणावं. ही संकल्पना मांडणारे स्टॅनली पार्कर स्कॉटलंडमधल्या टॉर्पेडोच्या कारखान्यात होते. उभी-आडवी प्लस-मायनस मुभा दिली की मध्याला चौकोन मिळतो. त्या चौकोनाच्या कोपऱ्यातला मध्य चालतो, तर तेवढाच लांब पण सरळ दिशेला गेलेला का चालू नये? चौकोनाभोवती वर्तुळ काढलं तर चालणारी जागा ५७ टक्क्यांनी वाढते.

तुमच्या ड्रॉइंगवर डेटमच्या अक्षरापुढेही वर्तुळातला एम असेल, समजा डेटम बी कड नसून मधला बोअर असेल, तर त्या बोअरच्या वाढीव मापाने मिळणारी हालचाल बोनसमध्ये मिळवू नका. ती चारही भोकांना मिळून एकदाच, एकाच दिशेला मिळते. पूर्ण नक्षी एकत्र सरकते, भोकांची आपसातली चूक त्यात माफ होत नाही. भोकागणिक ती मुभेत मिळवलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यातली प्लेट गेजवर बसत नाही.

आणि डॉवेल पिनच्या भोकांपुढे हा एम दिसला तर डिझाइनवाल्यांना विचारा. ठोकून बसवायच्या पिनेला मोकळीकच नसते. तिथे भोक मोठं झालं म्हणून जागेची चूक झाकली जात नाही, पिन तेवढी सैल बसते.